मतदारयादीचा अनुक्रमांक वाचायचा नाही, मोजायचा

«मतदारयादीची स्कॅन पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा, गूगल डॉक्समध्ये उघडा आणि सगळा मजकूर एक्सेलमध्ये पेस्ट करा; नावे आणि क्रमांक आपोआप रकान्यांत बसतात. स्कॅनवर ठिपके असतील तर ते आधी काढून टाका. उरलेल्या चुका स्पेलचेकने जातात आणि शेवटी अनुक्रमांकाने क्रम लावला की यादी तपासून झाली.»

या नेहमीच्या सल्ल्यातील रकान्यांबद्दलचा समज सर्वांत महागात पडतो, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो. महाराष्ट्रातील विधानसभेची मतदारयादी तक्त्यासारखी दिसत असली तरी तिला रकाने नसतात. भरलेल्या पानावर आडव्या दहा ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन, अशा 30 चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत एकाच मतदाराचा अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग अशी माहिती छापलेली असते. एक चौकट म्हणजे एक माणूस, हे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या ओसीआरला ठाऊक नसते. त्याने पान आडवे वाचले तर तिघांची नावे एका ओळीत येतात आणि तिघांच्या वडिलांची नावे त्याखालच्या ओळीत. उभे वाचले तर 1 नंतर थेट 4 आणि मग 7 येतो. त्यातच एखाद्या चौकटीतील पतीचे नाव निसटले की त्याखालची सगळी नावे एकेक जागा वर सरकतात आणि स्प्रेडशीट अनेक संसारांची अदलाबदल करून मोकळी होते. दिसायला मात्र ती अगदी नीटनेटकी असते.

म्हणून आधी पान कापावे आणि मग प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे वाचावी. समजा, पहिली दोन पाने मुखपृष्ठाची व नकाशाची आहेत आणि पुढची पाने भरलेली आहेत. अशा यादीच्या पाचव्या पानावर 61 ते 90 हे अनुक्रमांक येतात. पॉप्लर, इमेजमॅजिक आणि टेसरॅक्ट ही तिन्ही मोफत साधने संगणकावर असतील, तर त्या पानाचे काम असे होते:

```
pdftoppm -r 300 -gray -f 5 -l 5 -png yadi.pdf pan
convert pan-05.png -deskew 40% +repage -crop 2300x3100+90+220 +repage -crop 3x10@ +repage -scene 61 chaukat_%03d.png
tesseract chaukat_080.png stdout -l mar+eng --psm 6
```

पहिली आज्ञा पानाचे 300 डीपीआयचे चित्र बनवते. दुसरी आज्ञा तिरके पान सरळ करते, समास आणि शीर्षक छाटते आणि उरलेल्या भागाचे तीस समान तुकडे करून त्यांना 061 पासून क्रमांक देते. छाटणीची मापे येथे उदाहरणादाखल दिली आहेत; ती आपल्या यादीच्या एका पानावर मोजून घ्यावीत आणि पहिला व शेवटचा तुकडा उघडून कड कापली गेली नाही ना, हे पाहावे. तिसरी आज्ञा एक चौकट वाचते; ओळखपत्र क्रमांकात रोमन अक्षरे असल्यामुळे मराठीसोबत इंग्रजीही द्यावी लागते.

हे तुकडे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, म्हणजे यादीच्याच क्रमाने पडतात. सातव्या ओळीतील मधली चौकट ही 61 + 18 + 1, म्हणजे 80 क्रमांकाची असणार, हे एकही अक्षर न वाचता कळते. म्हणून अनुक्रमांक जागेवरून मोजावा आणि ओसीआरने वाचलेला आकडा केवळ पडताळणीसाठी शेजारच्या रकान्यात ठेवावा. तेथे 80 ऐवजी 60 आला आणि 81 पासून पुन्हा सगळे जुळले, तर चूक एका अंकापुरती आहे. पण एखाद्या चौकटीपासून पानाच्या शेवटापर्यंत फरक तसाच राहिला, तर मात्र त्या पानाची मांडणी वेगळी आहे आणि ते पान पुन्हा कापावे लागेल. मागून जोडलेल्या पुरवण्यांमध्ये तसे होऊ शकते, म्हणून त्यांची पाने वेगळी काढून हाताळणे बरे. वगळलेल्या मतदाराच्या चौकटीवर आडवा शिक्का असल्यामुळे आतला मजकूर बऱ्याचदा वाचता येत नाही. तरीही ती ओळ काढू नये, स्थितीच्या रकान्यात ‘वगळले’ लिहून ती ठेवावी.

ठिपके काढण्याचा सल्ला इंग्रजी यादीसाठी कदाचित चालेल, पण मराठीत तो घातक आहे. अनुस्वार हाही एक ठिपकाच असतो आणि फिकट स्कॅनमध्ये तो काही पिक्सेलांचाच उरतो. डाग पुसणारे साधन त्याला धूळ समजते, आणि मग शिंदे यांचे ‘शिदे’ आणि पांडुरंगाचे ‘पाडुरग’ होतात. नावांच्या रकान्यात ‘शिदे’ वारंवार दिसू लागले, तर दोष टेसरॅक्टचा नसून त्याआधीच्या सफाईचा असण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यावर उपाय म्हणजे मूळ चित्र सफाई न करता पुन्हा वाचणे.

स्पेलचेक येथे जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण आडनावे आणि गावाकडची नावे शब्दकोशात नसतात. उलट योग्य नाव बदलून टाकण्याचा धोका असतो. भ आणि म, ध आणि घ, ब आणि व या जोड्यांमध्ये ओसीआर सर्वाधिक अडखळते. पण मराठी नावाची घडणच येथे पडताळणीला मदत करते. मतदाराच्या पूर्ण नावातील वडिलांचे किंवा पतीचे नाव त्याच चौकटीत खाली पुन्हा छापलेले असते, आणि बहुधा आडनावही. वर ‘मोसले सुरेश पांडुरंग’ आणि खाली ‘भोसले पांडुरंग’ असे आले, तर ती ओळ आपोआप लाल करता येते. लग्नानंतर माहेरचे आडनाव ठेवणाऱ्या स्त्रियांच्या ओळीही लाल होतील, म्हणून ही खूण डोळ्यांनी पाहण्यासाठी वापरावी, आपोआप दुरुस्तीसाठी नव्हे.

यात एक सापळा डोळ्यांना दिसतच नाही. ‘बोऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण शोधताना वेगळे मानले जाऊ शकतात, आणि नेहमीचे युनिकोड नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. त्यामुळे तुलना करण्यापूर्वी एक रूप ठरवून दुसरे त्यात बदलून घ्यावे लागते.

क्रम लावण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. अंक मजकूर म्हणून साठवले गेले तर 1 नंतर 10 आणि 100 येतात, म्हणून देवनागरी अंक आधी बदलावेत:

```
sed 'y/०१२३४५६७८९/0123456789/' yadi.csv > yadi2.csv
```

ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नये; यूटीएफ-8 निवडून आयात करावी आणि घर क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून जाहीर करावा, अन्यथा ‘3/12’ या घराची एक्सेल तारीख करून टाकते. पान आणि चौकट यांचे दोन रकाने कायम ठेवावेत, म्हणजे शंका आलेली ओळ मूळ चित्रात लगेच सापडते. आणि क्रम लावणे म्हणजे तपासणी नव्हे, कारण चुकीचे नावही योग्य अनुक्रमांकासमोर निमूटपणे बसून राहते. तपासणीसाठी मुखपृष्ठावरील पहिला व शेवटचा अनुक्रमांक आणि तेथे छापलेली पुरुष, स्त्री व एकूण मतदारांची संख्या घ्यावी, आपल्या रकान्यांतील संख्या त्यांच्याशी ताडून पाहावी, आणि ‘वगळले’ अशी नोंद असलेल्या ओळी त्या बेरजेतून आधी वजा कराव्यात.