एका ओळीत बसवा

वर्तमानपत्रात जन्मभर मथळे बसवल्यामुळे नात्यातल्या समस्त बायोडेटांची डागडुजी माझ्याकडे येते. परवा भाचा आला. कामाचा मुद्दा एका ओळीत हवा, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याने तो बसवलाही होता. समास अर्ध्या इंचाचा केला, अक्षर आठ पॉइंटचं. कागद भिंगाशिवाय दिसेना.

अक्षर मी अकरावर नेलं आणि पहिलाच मुद्दा पसरला: ‘गोदाम विभागात कार्यरत असताना साठ्याच्या नोंदींमध्ये सुधारणा घडवून आणण्याची जबाबदारी माझ्याकडे सोपवण्यात आली होती व ती मी यशस्वीरीत्या पार पाडून बारकोड पद्धत सुरू केल्यामुळे महिन्याच्या मोजणीला लागणारा वेळ ३ दिवसांवरून १ दिवसावर आला.’

“छाट,” म्हटलं. त्याने शेवटापासून छाटलं. उरलं काय, तर जबाबदारी यशस्वीरीत्या पार पाडली! मराठी वाक्यात फळ शेवटी लागतं आणि हे लोक नेमकी तीच फांदी तोडतात. म्हणून आधी शेपटी धरायची: ३ दिवसांवरून १ दिवस. मग ते कशाने झालं, तेवढंच मागे ठेवायचं. गोदाम विभाग वर पदनामात आहेच. जबाबदारी सोपवली होती म्हणूनच पगार मिळत होता. ‘यशस्वीरीत्या’ला तर मी बघताक्षणी कात्री लावतो; अयशस्वीरीत्या पार पाडलेलं कुणी लिहिलंय का कधी?

उरलं ते असं: ‘बारकोड नोंदणी सुरू करून महिन्याची साठामोजणी ३ दिवसांवरून १ दिवसावर आणली.’

“मामा, ६७ टक्के वेळ वाचवला असं लिहू? भारी वाटतं.”

“३ मिनिटांचं १ मिनिट झालं तरी ६७ टक्केच होतात. दिवस राहू दे.”

ओळ काठोकाठ भरली तेव्हा मी आणखी दोन-चार अक्षरांची जागा मोकळी सोडायला लावली. दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट बदलला की शेवटचं ‘आणली’ एकटंच खालच्या ओळीत जाऊन बसतं. म्हणून पाठवायचं ते पीडीएफच.

पुढचा मुद्दा आपसूक एका ओळीत बसत होता: ‘सर्व संबंधित घटकांशी सुयोग्य समन्वय साधला.’ असे मुद्दे मला जास्त छळतात, कारण छाटायला त्यात काही नसतंच.

“समन्वय म्हणजे काय केलंस?”

“काही नाही रे मामा. ट्रक नाक्यावर आला की हमालांना फोन करायचो.”

“मग काय झालं?”

“आधी ट्रक दोन-दोन तास ताटकळायचा. आता पाऊण तासात रिकामा.”

“अरे गाढवा, हे लिही!”

“फोन केल्याचं?” तो ओशाळला. “ते बायोडेटात बरं दिसेल का? समन्वयच राहू दे ना.”