मर्यादित साठा, अमर्याद सासरे

छत्रीच्या दुकानात जुलैमध्ये लागणारा सेल म्हणजे जूनमध्ये लोकांनी नाकारलेल्या मालाचं प्रदर्शन असतं, हे ज्ञान मला लग्नानंतर झालं. मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, शाळाही त्याच सुमाराला उघडतात, आणि लालबागच्या आमच्या सासऱ्यांच्या दुकानातल्या काळ्या छत्र्या नि पोरांच्या मधल्या मापांचे रेनकोट तेव्हाच उडतात. मागे उरतो पोपटी रंग. यंदा या पोपटी मालाच्या सेलचं कॅप्शन लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेच्या गृहपत्रिकेत पावसावर कविता लिहितो.

"जावईबापू, चार ओळी तर लिहायच्यात. तुमच्या हातचा मळ आहे," सासरे म्हणाले.

मेहुण्याने एक कॅप्शन आधीच तयार ठेवलं होतं: 'पावसाळी महासेल! छत्र्या-रेनकोट फक्त ९९ रुपयांपासून! सगळे रंग, सगळी मापं!' मी विचारलं, ९९ला काय आहे? त्याने काउंटरखालून पातळ प्लास्टिकच्या पोंचोची पुडी काढली. करी रोड स्टेशनपर्यंत पोहोचेपर्यंत टिकेल, परत यायची हमी नाही, अशी ती वस्तू. किती नग आहेत? सात. त्यानंतरची सगळ्यात स्वस्त वस्तू थेट २४०ची.

म्हणजे सात पुड्यांच्या जोरावर अख्ख्या लालबाग-परळला दुकानात बोलवायचं आणि आठव्या माणसाला २४०ची छत्री दाखवायची. आमच्या सौभाग्यवती ग्राहक मंचाच्या कामात असतात. त्यांनी लगेच सांगितलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि त्यात हा आमिषाचा प्रकार बरोबर पकडलाय. त्या किमतीला पुरेसा माल हवा, आणि कमी असेल तर साठा मर्यादित असल्याचं जाहिरातीतच स्पष्ट सांगायला हवं. मेहुणा म्हणाला, "ताई, हे छत्रीचं दुकान आहे, विमान कंपनी नाही."

मग त्याने दुसरी युक्ती काढली. ६५०च्या छत्रीवर ९९९ खोडून दाखवू. सासऱ्यांनी त्याला छत्रीच्या टॅगवर छापलेली एमआरपी वाचायला लावली. ती ६९० होती. "कंपनीने छापलीय ती. तिच्या वर तू कोण रे चढवणारा?"

इथवर मला वाटत होतं की सासरे माझ्या बाजूने आहेत. पण त्यांचा प्रामाणिकपणा हा वेगळ्याच जातीचा आहे. गल्ल्यावर बसून ते गिऱ्हाइकाला सांगतात, "ही नका घेऊ, वरळी सी-फेसला उलटी होईल." आता त्यांना हे सगळं कॅप्शनमध्ये हवं होतं.

"लिहा, २४० ते ३२०. तीन घडीची. काड्या लोखंडी, पातळ पत्र्याच्या. वाऱ्याने उलटली की काडी सांध्याजवळ वाकते, मग ती सरळ केली तरी पुढच्या खेपेला तिथेच मोडते. ४८० ते ६५०, फायबरच्या काड्या. उलटली तरी वाकून परत येते. पण फायबर आहे म्हणून कापड चांगलं असतं असं नाही, ते दुकानातच उघडून ट्यूबलाइटपुढे धरून बघावं. बारीक भोकं दिसली तर ठेवून द्यावी. काडीच्या टोकाची टोपी ओढून बघावी, दोऱ्याला नुसती अडकवलेली असली तर ती गणपतीपर्यंत टिकत नाही."

मी लिहून घेत होतो. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला जे वाटत असेल ते मला वाटत होतं.

"आता रेनसूट. ११०० ते १६००."

"एकाच सुटात पाचशेचा फरक कशाचा?" मी विचारलं.

त्यांनी दोन सूट उलटे करून माझ्या मांडीवर टाकले. एकाच्या सगळ्या शिवणींवर आतून पारदर्शक टेप चिकटवलेली, दुसऱ्याच्या खांद्यापासून काखेपर्यंत टेप आणि पॅन्टला काहीच नाही. कापड दोन्हीचं पाणी अडवतं. पाणी येतं ते सुईच्या भोकांतून. स्कूटरवर बसलं की सीटवरचं पाणी बरोबर दोन पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथे साचतं, आणि टेप नसेल तर माणूस वरून कोरडा आणि मुख्य जागी ओला ऑफिसात पोहोचतो. हे मी अनुभवलेलं असल्यामुळे मला पटलं. पण कॅप्शनमध्ये 'मुख्य जागा' कशी लिहायची?

"पॅन्टच्या शिवणींना आतून टेप, एवढं लिहा. ज्याचं भिजलंय त्याला कळेल."

मापांवर खरं भांडण झालं. रेनसुटात एम होता आणि डबल एक्सएल होता. एल नि एक्सएल, म्हणजे मुंबईतला बहुतेक पुरुषवर्ग, जूनमध्येच संपलेला. मेहुणा म्हणाला, "माप लिहूच नका जिजू, माणूस आला की डबल एक्सएल घालून बघतो, पॅन्ट दुमडतो, घेतो." सासरे म्हणाले, विरारहून दोन गाड्या बदलून माणूस येतो, त्याला इथे आल्यावर नाही म्हणायचं? त्याने पुन्हा आपल्या दारात यावं असं वाटतं ना? शिवाय मागच्या वर्षीचे पीव्हीसीचे लांब कोट होते, ३०० ते ४५०चे. पोटमाळ्यावर उन्हाळाभर राहून घड्या चिकटलेल्या. ते झटकून उघडून दाखवायचे, घडीवर तडा असला तर विकायचाच नाही, आणि 'मागच्या वर्षीचा माल' असं लिहायचं, यावर सासरे अडून बसले. मेहुणा बाहेर चहा प्यायला गेला.

तो गेल्यावर मी कॅप्शन लिहिलं. इन्स्टाग्रामवर पहिल्या दोन ओळी दिसतात आणि बाकीच्या 'more'च्या मागे जातात, म्हणून भाव आणि नसलेलं माप वरच घेतलं. चित्रावर फक्त किमतींच्या पट्ट्या ठेवल्या आणि नगांची संख्या खाली कॅप्शनमध्ये, कारण चित्रावरचा मजकूर नंतर बदलता येत नाही, कॅप्शन बदलता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज तर एकदा गेला की गेलाच, त्यामुळे साठा कधीचा तेही घातलं:

'छत्र्या २४० ते ६५०, रेनसूट ११०० ते १६००. रेनसुटात एल, एक्सएल नाही.
२४०ची लोखंडी काडी, ४८०च्या पुढे फायबर. काळी संपली; पोपटी, किरमिजी भरपूर. फायबरच्या ११ उरल्या. १६००च्या सुटाला पॅन्टसकट सगळीकडे टेप. लांब कोट ३०० ते ४५०, मागच्या वर्षीचे, उघडून बघून घ्या. ९९चे पोंचो ७. साठा आज सकाळी ११चा.'

सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "कविता कुठाय?"

दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं, फोन हातात धरून, अंगाने भरपूर एल. "लिहिलंय एल नाही म्हणून. पण बघा ना आत, एखादा असेल." मुंबईत 'नाही' हा व्यवहाराचा आरंभ असतो, त्यामुळे मी काही बोललो नाही. सासरे शिडी लावून पोटमाळ्यावर चढले. बराच वेळ खोकी सरकवल्याचा आवाज आला आणि मग धुळीने माखलेले सासरे एक रेनसूट घेऊन खाली उतरले. एल. पॅन्टला टेप. रंगही निळा.

मेहुण्याने माझ्याकडे जे बघितलं ते बघण्यासाठी तो सकाळपासून थांबला होता. "जिजू, कॅप्शन खोटं निघालं."

"एडिट करा," सासरे धापा टाकत म्हणाले. "लिहा, एल एक नग."

मी फोन काढला, शब्द बदलायला लागलो, तेवढ्यात गिऱ्हाइकाने पंधराशे साठला सौदा पटवून सूट पिशवीत घातला.

"राहू द्या," सासरे म्हणाले. "आधीचं बरोबर होतं."