हार खरा की खोटा, त्यावरून लेखक सापडतो

मालिकेच्या सुरुवातीला 'एका विदेशी कथेवर आधारित' एवढीच पाटी आली की मला राग येतो. विदेशाने कथा लिहिलेली नसते, ती कुणा माणसाने लिहिलेली असते. पटकथेचं, संवादाचं, वेशभूषेचं नाव ठळक येतं आणि ज्याच्या डोक्यातून ती गोष्ट निघाली तो 'विदेशी' या एका शब्दात गायब होतो. मग लोक ज्याचं नाव दिसलं त्यालाच लेखक समजतात, आणि बहुतेक वेळा ते नाव संवादलेखकाचं असतं.

हे आठवायचं कारण आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी गणपतीत झालेली चर्चा. आरतीनंतर सगळे ओटीवर बसलो होतो. आत्याने फार वर्षांपूर्वी दूरदर्शनवर पाहिलेल्या एका भागाची गोष्ट काढली. मालिकेचं नाव तिला आठवत नव्हतं. बाईच्या गळ्यात मोत्यांचा हार असतो आणि तो खरा की खोटा यावर सगळं फिरतं, एवढं तिने सांगितल्यावर दोघातिघांनी एकदम उत्तर दिलं, "मोपासां! नेकलेस!" आत्याचं काही समाधान झालं नाही. "नाय रे, ती बाय गरीब नव्हती. आणि तिच्या घोवाक शेवटपर्यंत कायच कळूक नाय," ती म्हणाली.

तिचं हे एकच वाक्य पुरेसं होतं.

कथा टीव्हीवर आणताना पात्रांची नावं, गाव, धर्म, चलन, कपडे सगळं बदलता येतं. बोटीची आगगाडी होते, कॅफेची चहाची टपरी होते. म्हणून नावागावावरून मूळ शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. बदलता येत नाहीत त्या दोन गोष्टी: फसवणूक कुठल्या दिशेने जाते आणि शेवटी सत्य कुणाकुणाला माहीत असतं. त्या बदलल्या तर कथाच दुसरी होते.

मोपासांच्या १८८४ च्या 'नेकलेस'मध्ये मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवतो. नवरा-बायको कर्ज काढून तसाच हार घेऊन परत करतात, दहा वर्षं राबून ते कर्ज फेडतात आणि शेवटी कळतं की मूळ हार नकली होता. म्हणजे खोटा हार खरा समजला गेला. त्याच मोपासांची आदल्या वर्षीची, १८८३ ची एक कथा नेमकी उलट आहे. बायकोला नकली दागिन्यांचा नाद आहे असं नवरा समजत असतो. ती न्यूमोनियाने जाते, तो पैशासाठी हार विकायला नेतो आणि सराफ सांगतो, हा अस्सल आहे. पुढचा विचार वाचकाने करायचा. हेन्री जेम्सनेही १८९९ मध्ये 'नेकलेस' उलटी करून 'पेस्ट' नावाची कथा लिहिली. तिथे मेलेल्या सावत्र आईच्या नाटकी दागिन्यांत खरे मोती निघतात.

आत्याच्या गोष्टीत बाई जिवंत, नवरा शेजारी बसलेला आणि त्याला शेवटपर्यंत काहीच माहीत नाही. हे या तिन्हींत बसत नाही. मग मी तिला विचारलं, हार खरा की खोटा हे ठरवतं कोण? ती म्हणाली, गाडीच्या डब्यात एक बडबड्या माणूस असतो, सगळ्यांना नकोसा झालेला, आपल्याला सगळं कळतं म्हणणारा. तो बाईच्या नवऱ्याशी पैज लावतो.

ही सॉमरसेट मॉमची 'मिस्टर नो-ऑल'. 'कॉस्मोपॉलिटन्स' या १९३६ च्या संग्रहात ती आहे. मूळ कथा सॅन फ्रान्सिस्कोहून योकोहामाला निघालेल्या बोटीवर घडते. नवरा जपानात कोबेला नोकरीला, बायको वर्षभर न्यूयॉर्कला एकटी राहून आलेली. नवरा म्हणतो, हार दुकानातून अठरा डॉलरला घेतलाय. केलाडा नावाचा मोत्यांचा जाणकार म्हणतो, खरा आहे. शंभर डॉलरची पैज लागते. तो भिंगातून मोती बघतो, बोलणार एवढ्यात त्याची नजर बाईच्या चेहऱ्यावर जाते. ती भीतीने पांढरीफटक पडलेली असते. तो म्हणतो, माझी चूक झाली, मोती नकली आहेत. सगळ्या बोटीवर हसं होतं ते तो सोसतो. (ही गोष्ट आपल्याकडे आणताना कुणी मुंबई-गोवा बोटीवर का बसवली नाही, याची मला फार हळहळ वाटते. कोकणातल्या जुन्या माणसांना त्या बोटीवरचा मुक्काम, गप्पा, पत्ते सगळं आतून माहीत होतं.)

पण कथा जुळली म्हणून लगेच नाव ठोकून द्यायचं नाही. एखादा किरकोळ तपशील तपासायचा, जो नसला तरी गोष्ट अडत नाही. गोष्टीचा सांगाडा दोन लेखकांना वेगवेगळा सुचू शकतो, असला तपशील सहसा सुचत नाही. मॉमच्या कथेत दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दाराखालून एक पाकीट सरकवलेलं येतं. आत शंभराची नोट असते, आणि पाकिटावरचं नाव छापील अक्षरांत लिहिलेलं असतं, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून. मी आत्याला फक्त विचारलं, शेवटी पैसे परत येतात का? ती लगेच म्हणाली, "येतत तर! पाकिटातसून. आणि नाव कशा लिवलेला, शाळेतल्या पाटयेर लिवतत तशा मोठ्या अक्षरांनी." तिथे माझी शंका संपली.

नाटकांच्या बाबतीत हे अवघड जातं, कारण तिथे लेखकांची साखळी असते. देवलांचं 'संशयकल्लोळ' उद्या टीव्हीवर लागलं तर मूळ लेखक कोण म्हणायचं? देवलांनी ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलं आणि मर्फीने मोलियेरच्या फ्रेंच प्रहसनावरून. माझं मत असं की पडद्यावर देवल आधी यायला हवेत, कारण फाल्गुनरावाची भाषा त्यांची आहे, आणि खाली मर्फी व मोलियेर. तीन ओळींना कितीशी जागा लागते? उलटही होतं. बासु चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' पाहून लोक म्हणतात, हा हॉलिवूडच्या सिनेमावरून घेतलाय. पण त्या सिनेमाच्याही आधी, १९५४ मध्ये, रेजिनाल्ड रोझने ते अमेरिकन टीव्हीसाठीच लिहिलं होतं.

आमच्याकडे तालुक्या-तालुक्यात एकांकिका बसवणारी मुलं आहेत आणि जुन्या मालिकांचे भाग बघून ती संहिता तयार करतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न परवानगीचाही आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. मोपासां १८९३ मध्ये गेला, त्याची कथा कुणीही घ्यावी. मॉम गेला १९६५ मध्ये, म्हणजे या हिशेबाने त्याचा हक्क २०२५ च्या अखेरीपर्यंत. हाराची गोष्ट आहे म्हणून 'मोपासां' लिहून मॉमची कथा स्पर्धेत उतरवणाऱ्याने तेवढी वर्षं परवानगीचं पत्र चुकीच्या समजुतीवर टाळलं असतं. आणि तो भाग बनवणाऱ्यांनी पाटीवर दोन शब्द जास्त लिहिले असते, तर त्याला ते कळलं असतं.

तुमच्या डोक्यात असा नाव हरवलेला एखादा भाग असेल तर खाली लिहा. पात्रांची नावं नकोत. कुणी कुणाला फसवलं, शेवटी कुणाला काय माहीत होतं आणि एखादी उगीच लक्षात राहिलेली वस्तू, एवढं लिहा. आपण मिळून शोधू.