तीन सूत्रांचं आसन

"अष्टांग योग म्हणजे पतंजलींची आठ मुख्य आसनं. रोज 12 सूर्यनमस्कार घाला, योग झाला. यम-नियम साधूंसाठी, संसारी माणसाने त्यात पडू नये." (ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

आठ अंगं म्हणजे यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. आसन हे त्यातलं फक्त तिसरं. पतंजलींच्या योगसूत्रांत थेट आसनावर तीनच सूत्रं आहेत, दुसऱ्या पादातली 46 ते 48. स्थिर आणि सुखाचं ते आसन; प्रयत्न सैल सोडल्याने आणि चित्त अनंताशी एकरूप झाल्याने ते साधतं; मग थंडी-उकाड्यासारखी द्वंद्वं त्रास देत नाहीत. क्लासमध्ये मात्र "अजून थोडं ताणा" असं ऐकू येतं. ताणताना श्वास अडकत असेल, दात आवळले जात असतील, तर तो व्यायाम आहे, सूत्रातलं आसन अजून दूर आहे. हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. पुढचं प्राणायामाचं सूत्र 'तस्मिन् सति' म्हणूनच सुरू होतं: आसन साधलं असेल तर.

सूर्यनमस्कार योगसूत्रांत नाहीत, हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातही नाहीत. गेल्या शतकात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा व्यायाम म्हणून मोठा प्रसार केला. जरूर घालावेत, मीही घालतो.

यम-नियमांबद्दलचं वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. यम म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. ते जात, स्थळ, काळ, प्रसंग यांच्या सवलतीशिवाय पाळले तर पतंजली त्यांना महाव्रत म्हणतात. संसारी माणसाला त्यातून वगळलेलं नाही. उलट यम कुठे मोडतात याचा हिशोब दुसऱ्याच पादातल्या 34व्या सूत्रात आहे, आणि तो थेट आपल्या घरापर्यंत येतो. हिंसा तीन प्रकारे होते: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान्य केलेली. तिच्यामागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो, आणि ती सौम्य, मध्यम किंवा तीव्र असते. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस.

मे महिन्यात आमच्याकडे पाणी उशिरा आलं. एकाने वॉचमनला वाटेल तसं बोलून घेतलं: स्वतः केलेली, क्रोधातून. दुसऱ्याने त्याला "जरा झापा त्याला" म्हणून खाली पाठवलं होतं: करवलेली. पंप बंद होता, वॉचमनचा त्यात काहीच दोष नव्हता. यावर पतंजलींचा उपाय प्रतिपक्षभावनेचा आहे. असा विचार उठला की याचं फळ न संपणारं दुःख आणि अज्ञान आहे, हे मनाशी आणायचं, आणि ते बोलण्याआधी. ही साधना चटईवर होत नाही, जिन्यात होते.

ग्रुपवर त्या झापण्याचं वर्णन आलं, तेव्हा मी अंगठ्याची खूण टाकली होती. मान्य केलेली हिंसा ती हीच. संध्याकाळी खाली जाऊन वॉचमनची माफी मागितली.