मेसेज आपोआप, डिलीट विचारून? नियम उलटा धरलाय

"मेसेज पाठवायला काय, तो आपोआप जाऊ दे. डिलीट करताना मात्र संगणकानं प्रत्येक वेळी विचारलंच पाहिजे. विचारलं की चूक होत नाही."

असं पुष्कळांना वाटतं, पण खरं ते उलट आहे. मेसेजपासून सुरुवात करू. गेलेला एसएमएस परत घेता येत नाही. जीमेल पाठवणं रद्द करायला फार तर 30 सेकंद देतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज सर्वांसाठी डिलीट करायला दोनेक दिवस मिळतात, पण समोरच्यानं तो वाचला असेल तर त्याचा उपयोग नाही.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान धरा. थकबाकीची यादी एक्सेलमध्ये आहे: नाव, मोबाइल, बाकी. मोठी बाकी वर यावी म्हणून कुणी फक्त बाकीचा रकाना निवडून क्रम लावला. एक्सेल इथं टोकतं, पण घाईत `Continue with the current selection` निवडलं जातं. नावं जागेवर राहिली, आकडे तेवढे हलले. रात्री प्रोग्रॅमकडून या यादीवरून मेसेज आपोआप सुटले की 8,000 देणं असलेल्या व्यापाऱ्याला 1,40,000 चा तगादा जातो. बेरीज ताडून ही चूक सापडत नाही, ती तंतोतंत जुळते, कारण आकडे तेच आहेत, फक्त भलत्याच्या नावापुढे बसलेत. म्हणून पाठवण्याआधी थांबायचं आणि यादीतली वरची, मधली, खालची अशी तीन नावं खतावणीतल्या बाकीशी पडताळायची. मालकाच्याच फोनवर जाणारा रोजचा हिशेब किंवा नुसता तयार करून ठेवलेला मसुदा यांना हा थांबा नको. ते खुशाल आपोआप होऊ द्या.

डिलीटचं भय बरंचसं अनाठायी आहे. गूगल ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ट्रॅशमध्ये जाते आणि 30 दिवस तिथं राहते. जुन्या बिलांचे दुबार स्कॅन रोज आपोआप तिकडे गेले तरी चालेल. आठवड्याला एकदा कुणीतरी ट्रॅश उघडून बघावा, एवढंच. माणसाच्या होकारासाठी थांबायचं ते ट्रॅश रिकामा करताना. लिनक्सवर मात्र `rm` ही डिलीटची कमांड ट्रॅशमध्ये काहीच ठेवत नाही. आपोआप चालणाऱ्या कामात त्याऐवजी `gio trash` घाला.

राहिला शेवटचा मुद्दा, विचारलं की चूक होत नाही हा. दर मेसेजला 'होय' विचारलं तर दहाव्या मेसेजनंतर कुणी वाचत नाही, बोट आपसूक दाबतं. पूर्ण यादीला एकदाच विचारा. पण होकार बरोबर असूनही घोळ होतो. 60 पैकी पंचविसाव्या मेसेजला नेट गेलं आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू झाला, तर 24 जणांना तगादा दोनदा जातो. यासाठी यादीत एक रकाना वाढवायचा: पाठवण्याआधी 'पाठवतोय', पोच आली की 'गेला'. पुन्हा सुरू केल्यावर कोऱ्या ओळी त्याच होकारावर आपोआप जाऊ द्याव्यात. 'पाठवतोय'वर अडकलेली ओळ मात्र तशीच ठेवायची, कारण तो मेसेज गेला की नाही हे प्रोग्रॅमला कळत नाही. पाठवलेल्या मेसेजमध्ये बघून माणसानंच ठरवायचं.