लॉक-इन मोडलं म्हणून सगळं डिपॉझिट बुडत नाही

“भाडेकरारात लॉक-इन असेल आणि त्याआधी घर सोडलं तर अख्खं डिपॉझिट जातं, वर उरलेल्या महिन्यांचं भाडंही भरावं लागतं. म्हणून शेवटचे दोन-तीन महिने भाडं देऊच नका, डिपॉझिटमधून वळतं करा. तसंही केंद्राच्या नव्या कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही. आणि 11 महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, नोंदणी लागत नाही.”

घर भाड्याने घेताना असे सल्ले कानावर येतात. ते एकेक करून बघू. पण त्याआधी लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळाआधी करार मोडता येणार नाही ही अट, नेमकी कोणाला बांधते, ते करारात शोधा. साधारण तीन-चार ओळींची अट असते आणि त्यातला महत्त्वाचा शब्द ‘दोन्ही पक्ष’ हा आहे. बऱ्याच तयार मसुद्यांत तो नसतो, फक्त ‘परवानगीधारक’ म्हणजे भाडेकरूच अडकलेला असतो. कोकणात हा फरक महागात पडतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये घर वापरायची परवानगी तेवढी मिळते, जागेत हक्क तयार होत नाही. मालकावर लॉक-इन नसेल तर तो एक महिन्याची नोटीस देऊन घर मागू शकतो. आता अलिबाग, दापोली, मालवणसारख्या गावात एप्रिल उजाडला की घर पर्यटकांना दिवसावर द्यायचा मोह मालकाला होणारच. मुंबईकर मालक असेल तर मे महिना आणि गणपती आहेतच. म्हणजे तुमच्या मुलाची परीक्षा संपायच्या आत घर शोधायची पाळी. दोन्ही बाजूंचं लॉक-इन इथे भाडेकरूची ढाल आहे. लॉक-इन म्हणजे नुसता तोटा असं समजून ते काढायला लावणारे ही गोष्ट विसरतात.

दुसरी नजर नोटिशीच्या वाक्यावर टाका. ‘लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन’ असं लिहिलं असेल तर सहा महिन्यांचं लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचं होतं, कारण नोटीस सातव्या महिन्यातच देता येते. ‘नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, मात्र ताबा लॉक-इन संपल्यावर सोडता येईल’ एवढी दुरुस्ती करून घेतली तर एक महिन्याचं भाडं वाचतं.

आता डिपॉझिटच्या जप्तीचं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे, करार मोडल्यास द्यायची रक्कम आधी लिहून ठेवली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे जप्त केलेल्या रकमेलाही लावलं: नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही. शिवाय कलम 73 चं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान कमी करायचे जे उपाय हाताशी होते तेही विचारात घ्यायचे. घर रिकामं ठेवून, आलेल्या भाडेकरूला परत पाठवून मालकाला पूर्ण भाडं मागता येत नाही.

म्हणजे काहीच द्यावं लागत नाही का? तसंही नाही. उदाहरण धरू. रत्नागिरीत फ्लॅट, भाडं 9,000, डिपॉझिट 40,000, करार 1 जून ते 30 एप्रिल, लॉक-इन सहा महिने म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत. भाडेकरू बँकेत नोकरीला आहे, बदली कुडाळला झाली. ऑगस्टअखेर लेखी नोटीस देऊन 30 सप्टेंबरला त्याने किल्ली परत केली. लॉक-इनचे दोन महिने उरले, म्हणजे जास्तीत जास्त 18,000. मालकाला 16 ऑक्टोबरपासून तेवढ्याच भाड्यात दुसरा भाडेकरू मिळाला. तर खरं नुकसान 15 दिवसांचं, 9,000 भागिले 31 गुणिले 15, साधारण 4,355 रुपये. त्यात शेवटचं लाईट बिल 1,140 आणि फुटलेली खिडकीची काच 850 मिळवा. एकूण 6,345. परत मिळायला हवेत 33,655. नोव्हेंबरअखेरपर्यंत प्रयत्न करूनही कोणीच आलं नसतं, तर 18,000 आणि 1,990 वजा होऊन 20,010. मालकाने नव्या भाडेकरूसाठी एजंटला दलाली दिली असेल तर तिचाही वाद होईल, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. पण 40,000 च्या 40,000 कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

अडचण एवढीच की पैसे मालकाकडे असतात आणि कोर्टात जायचं ते तुम्हाला. न्यायालयांचा सूरही सगळीकडे सारखा नसतो. म्हणून ‘अनामत रक्कम जप्त करण्यात येईल’ हे शब्द सहीआधीच बदलून घ्या आणि त्या जागी लिहा: ‘लॉक-इनच्या उरलेल्या काळाचे भाडे किंवा नवीन भाडेकरू येईपर्यंतचे भाडे, यांपैकी जे कमी असेल ते.’ बँक, एसटी, शाळा, सरकारी खातं अशा बदलीच्या नोकरीत असाल तर बदलीचा आदेश दाखवल्यास लॉक-इन लागू नाही, हेही टाकून घ्या. चांगला भाडेकरू हवा असलेला मालक याला सहसा नाही म्हणत नाही. आणि मधेच सोडायची वेळ आली तर तुमच्या जागी येणारा भाडेकरू स्वतः शोधून मालकाला व्हॉट्सॲपवर नाव-नंबर पाठवा. मालकाने त्याला नाकारलं तर पुढचा तोटा मालकाच्याच पदरात.

शेवटचे महिने भाडं बुडवायचा सल्ला मात्र सरळसरळ नुकसानीचा आहे. भाडं थकलं की करार तुम्ही मोडलात, आणि डिपॉझिट भाड्यात वळतं होणार नाही असं बहुतेक करारांत स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यात मुदत संपूनही ‘डिपॉझिट मिळेपर्यंत हलणार नाही’ म्हणून बसलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 24 आडवं येतं: मुदतीनंतर ताबा न सोडल्यास करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. आपल्या उदाहरणात महिन्याला 18,000. दोन-अडीच महिन्यांत डिपॉझिट खलास. याला खरा उतारा एका ओळीचा आहे: ‘ताब्याची किल्ली आणि अनामत रक्कम यांची देवघेव एकाच वेळी होईल.’ मालक मुंबईत आणि किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवायची, ही आपल्याकडची पद्धत. मग ‘गणपतीत येईन तेव्हा बघतो’ सुरू होतं. मालकाच्या वतीने घर कोण बघून घेणार, त्याचं नाव करारातच लिहा आणि रक्कम बँकेतून घ्या.

कपातीचा सर्वात मोठा वाद इथे भिंतीवरून होतो. मे महिन्यात घर घेतलं तेव्हा भिंती कोरड्या, नुकताच चुना मारलेला. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि घर सोडताना ‘तुम्ही खिडक्या उघडत नव्हता’ म्हणून रंगाचे पैसे कापले जातात. पाऊस भिंतीतून आत येणं ही इमारतीची गळती, भाडेकरूची हयगय नव्हे. पण सिद्ध करायला फोटो लागतात, आणि लोक फोटो काढतात ते हॉलचे. काढायचे ते पश्चिमेच्या भिंतीचे, छताच्या चारही कोपऱ्यांचे, खिडकीखालच्या पट्ट्याचे, गंजलेल्या ग्रिलचे, विहिरीवर पंप असेल तर त्याच्या स्टार्टरचे आणि लाईट मीटरच्या आकड्याचे. ताबा घेतला त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या. मग ओल पहिल्यांदा दिसेल त्या दिवशी पुन्हा एक फोटो आणि ‘भिंतीतून पाणी येतंय, बघून घ्या’ एवढा मेसेज. ऑक्टोबरच्या भांडणात जुलैतला हा मेसेजच कामाला येतो. खाऱ्या हवेने ग्रिल गंजणं, रंग फिका पडणं ही नैसर्गिक झीज. भिंतीत ठोकलेले दहा खिळे, फुटलेलं बेसिन, जळलेली पंपाची कॉइल यांचा खर्च मात्र मागता येतो, अर्थात बिल दाखवून. ‘रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ अशी अट तुम्ही सही करून मान्य केली असेल तर नंतर भांडणं कठीण, तेव्हा ती आधीच वाचा.

डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे ती 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात. तो केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो आपल्याला लागू होत नाही. महाराष्ट्रात 1999 चाच कायदा चालतो, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला आकड्याची मर्यादा नाही. जी काय घासाघीस करायची ती सहीआधीच.

नोंदणीचं तर उलटंच आहे. एक वर्षाखालच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही या जुन्या नियमावरून 11 महिन्यांची चाल पडली. पण 1999 च्या कायद्याचं कलम 55 मुदत बघत नाही: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध केलं नाही तोवर. म्हणजे नोटरीच्या कागदावरचं लॉक-इन मालकालाच जड जातं. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, यांच्या 0.25 टक्के. वरच्या उदाहरणात ते अडीचशे-तीनशेच्या घरात येतं. त्यावर नोंदणी फी शहरी हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. एजंटचे पैसे वेगळे.

याच शुल्कात थोडी बचत म्हणून काही मालक करारात डिपॉझिट 10,000 दाखवतात आणि 30,000 रोख घेतात. दस्तात दिसतात ते 10,000. बाकीचे मागताना तुमच्याकडे पुरावा काय? सगळी रक्कम बँकेतून द्या, आणि व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून घ्या.

पैसे अडलेच तर आधी हिशोबासह लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस. त्यानंतर दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं. पोलिसांत गेलात तर बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ एवढंच ऐकून परत याल.