‘करलं’ म्हटले तर बिघडले कुठे?

आयर्विन पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी भडंगाचा पुडा फिरत असताना अण्णांनी नातीची तक्रार मांडली. चार वर्षांची ती पोर ‘मी चित्र करलं’ असेच म्हणते आणि कितीदा सुधारले तरी ऐकत नाही. त्यावर मास्तर म्हणाले की, ‘धरलं’, ‘भरलं’, ‘सरलं’ ऐकून तिने नियम अचूक पकडला आहे. नियमाबाहेर आहे ते आपले ‘केलं’.

अण्णांना हे पटेना. घाटाच्या ज्या पायरीवर जास्त पाय पडतात तीच आधी गुळगुळीत होते, मग दिवसभर तोंडात असणारे क्रियापदच ओबडधोबड कसे राहिले, असा त्यांचा सवाल होता. मास्तरांच्या मते झीज झालीच आहे, पण ती ध्वनींची. संस्कृतातील ‘कृत’चे प्राकृतात ‘कय’ झाले आणि त्याला ‘इल्ल’ प्रत्यय लागून पुढे ‘केला’ आला. ‘मृत’वरून ‘मेला’ आणि ‘गत’वरून ‘गेला’ही तसेच आले. पायरी झिजली, पण कोणी ती उपटून नवी बसवली नाही. ‘धृत’ आणि ‘भृत’ यांच्या बाबतीत मात्र प्राकृतातच ‘धरिअ’, ‘भरिअ’ अशी नवी रूपे घडली आणि त्यांचेच आज ‘धरला’, ‘भरला’ झाले. बोलणाऱ्याला तयार रूप वेळेवर आठवले नाही की तो धातूला प्रत्यय जोडून मोकळा होतो; जे रूप लहानपणापासून सतत कानावर पडते, ते जोडण्याची वेळच येत नाही. म्हणून ‘केला’ म्हणणारे आपण त्याच क्रियापदाच्या कमी वापरातील प्रयोजकाला मात्र मुकाट्याने ‘करवला’ म्हणतो.

वकिलांनी इथे बोट ठेवले. ‘धरणे’ काय कमी वापरातले आहे, आणि माणसे रोज मरतात थोडीच? मास्तरांनी हा मुद्दा मान्य केला. वापराने जुने रूप टिकण्याचा संभव वाढतो, हमी मिळत नाही, हे खरे दिसण्यासाठी दोन-चार क्रियापदे पुरत नाहीत. इंग्रजीवरील 2007 सालच्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदे घेतली होती, त्यांपैकी आज 98च तशी उरली आहेत. वापर शंभरपट कमी असेल तर क्रियापद नियमित होण्याचा वेग साधारण दहापट असतो, असे त्यात आढळले. ‘हेल्प’चे जुने ‘होल्प’ गेले आणि ‘हेल्प्ड’ आले. ‘गो’चे ‘वेन्ट’ मात्र अजून अनियमितच आहे.

“हे सगळे जुने झाले,” वकील म्हणाले, “आता मी दुसरा चहा पिलो की उठणार.”

“प्यालो,” अण्णांनी सुधारले.

मास्तर हसले. ‘पिला’ आणि ‘प्याला’ या दोघांत अजून निकाल लागलेला नाही, आणि वकिलांनी नातीच्या बाजूने साक्ष दिली होती.